पलीकडच्या टेबलासाठी एक चिठ्ठी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी १९७२ मध्ये एका साध्या गोष्टीवर लेख लिहिला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी सकाळच्या वेळी उपनगरी रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर उभ्या असलेल्या प्रवाशांचे फोटो काढले आणि पुढच्या आठवड्यात तेच फोटो तिथल्याच प्रवाशांना दाखवले. यातलं कोण तुमच्या ओळखीचं आहे, असं विचारल्यावर दहातल्या जवळपास नऊ जणांनी निदान एका चेहऱ्यावर बोट ठेवलं. हा रोज दिसतो, पण कधी बोललो नाही, असं ते सांगत. अशा माणसांना मिलग्रॅम यांनी ‘ओळखीचे अनोळखी’ म्हटलं. त्यांचं आणखी एक निरीक्षण होतं. असं न बोलता जितका काळ जाईल, तितकं पहिलं वाक्य बोलणं अवघड होत जातं. पहिल्या दिवशी ‘ही खुर्ची रिकामी आहे का’ म्हणणं सोपं असतं. सहा महिने रोज समोर बसल्यावर तेच वाक्य विचारायचं म्हणजे आधीच्या सहा महिन्यांच्या गप्प बसण्याचं काय, असा प्रश्न उभा राहतो.

मुंबईच्या लोकलमध्ये ही कोंडी गर्दीच फोडते. चौथ्या सीटसाठी सरकावं लागतं, बॅग वर ठेवायला द्यावी लागते, आणि पुढे त्याच डब्यात भजनी मंडळंही जमतात. वाचनालयात आणि कॅफेत तसं काही होत नाही. वाचनालयात तर बोलायचंच नसतं. म्हणून तिथे कुणी आवडायला लागलं, की माणसाला चिठ्ठी आठवते.

आवडायला लागतं हेही खरं, आणि त्यामागे फार गूढ काही नसतं. वारंवार दिसणारी गोष्ट आपल्याला हळूहळू बरी वाटू लागते, हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवलं होतं. पुढे १९९२ मध्ये मोरलँड आणि बीच या दोघांनी पिट्सबर्ग विद्यापीठात एक प्रयोग केला. दिसायला साधारण सारख्या चार तरुणींना त्यांनी एका वर्गात बसवलं. एक अजिबात गेली नाही, दुसरी पाच वेळा, तिसरी दहा वेळा, चौथी पंधरा वेळा गेली. त्या कुणाशीही बोलल्या नाहीत, नुसत्या येऊन बसल्या. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना त्यांचे फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा दिसली होती ती जास्त आवडली होती. तिच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं. वाचनालयात आपल्याला जे ‘काहीतरी आहे’ असं वाटतं, त्यातला बराच भाग हा असतो. तो खोटा असतो असं नाही, पण समोरच्यालाही तसंच वाटत असेल याचा तो पुरावा होत नाही.

पुराव्याच्या बाबतीत पुरुषांनी थोडं जास्त सावध राहावं. अँटोनिया ॲबी यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक पुरुष आणि एक स्त्री पाच मिनिटं साधं बोलत आणि दुसरी जोडी ते बघत असे. स्त्रीचा मोकळेपणा पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त ‘इंटरेस्ट’सारखा दिसला. त्यामुळे काउंटरवरची मुलगी ऑर्डर घेताना हसते, किंवा ग्रंथपाल बाई तुमचं पुस्तक आठवणीने बाजूला ठेवतात, यातून काहीही निष्कर्ष काढू नये. तो त्यांच्या कामाचा भाग आहे. शिवाय त्यांना तिथून उठून जाता येत नाही. जिथे समोरचं माणूस ड्युटीवर आहे, तिथे चिठ्ठीचा विचारच सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता चिठ्ठीचा उपयोग नेमका काय, ते बघू. समोरासमोर विचारलं तर समोरच्याला त्याच क्षणी चेहरा सांभाळावा लागतो आणि उत्तरही शोधावं लागतं. चार लोकांत ‘नाही’ म्हणणं किती जड जातं, याची विचारणाऱ्याला कल्पना नसते. कॉर्नेल विद्यापीठातल्या व्हॅनेसा बॉन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१९ मध्ये हेच मांडलं. ज्यांनी सहकाऱ्याला विचारलं होतं आणि ज्यांना विचारलं गेलं होतं, अशा दोन्ही बाजूंच्या अनुभवांची त्यांनी तुलना केली. नकार देणाऱ्याला जो अवघडलेपणा सोसावा लागतो, तो विचारणाऱ्याच्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. चिठ्ठी हा भार कमी करू शकते. ती घरी जाऊन वाचता येते, दोन दिवस तशीच ठेवता येते, आणि काहीच न करता फाडून टाकता येते. काहीच न करण्याची ही मुभा हाच चिठ्ठीचा एकमेव फायदा आहे. मजकूर, जागा, वेळ, कागद यातलं जे जे ही मुभा काढून घेतं, ते चुकीचं.

एक उदाहरण घेऊ. धरून चालू, की पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाच्या मुक्त वाचन विभागात एक तिशीच्या आतबाहेरचा तरुण ऑफिसला जायच्या आधी तासभर बसतो. वर्तमानपत्रांच्या लांब टेबलावर समोरच्या बाजूला साधारण त्याच्याच वयाची एक तरुणी असते. पुरवणी आधी कुणाच्या हाती येते यावर दोघांचं दोन-तीनदा बोलणं झालं आहे: ‘तुमचं झालं का?’, ‘शब्दकोडं सोडवून देतो, दोन मिनिटं.’ एकदा तिने अर्धवट कोडं पाहून ‘उभा सात चुकलाय’ असंही सांगितलं. एवढीच ओळख. मागच्या आठवड्यात तिच्या हातात जी. ए. कुलकर्णींचं ‘काजळमाया’ होतं. तरुणाला जी.ए. प्रिय. त्याला चिठ्ठी लिहायची आहे.

असे तरुण पहिला खर्डा साधारण असा लिहितात:

‘हाय, तुला रोज बघतो. मंगळवारी निळ्या कुर्त्यात खूप छान दिसत होतीस. तुझं हसणं मला आवडतं. माझ्याशी मैत्री करशील का? प्लीज रिप्लाय कर, वाट बघतोय.’ खाली मोबाइल नंबर, नाव नाही.

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नाही, पण वाचणारीच्या बाजूने ओळ ओळ वाचून बघा. ‘रोज बघतो’ म्हणजे कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे. ‘मंगळवारी निळ्या कुर्त्यात’ म्हणजे तो वारासकट लक्षात ठेवतो. नाव नाही, म्हणजे आता त्या हॉलमधल्या प्रत्येक पुरुषाकडे संशयाने बघावं लागणार. ‘मैत्री करशील का’ हे वाक्य तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलीने शाळेच्या वयापासून ऐकलेलं असतं आणि त्यातली मैत्री कसली, हेही तिला माहीत असतं. ‘प्लीज रिप्लाय कर, वाट बघतोय’ या शब्दांनी तिच्यावर न घेतलेलं कर्ज बसवलं. शिवाय पहिल्याच चिठ्ठीत अरे-तुरे. बोलताना ‘तुमचं झालं का’ म्हणणारा माणूस कागदावर एकदम ‘तू’ म्हणायला लागला, तर खटकणारच.

मित्राने कान उपटल्यावर तरुण दुसऱ्या टोकाला जातो: ‘तुम्ही काजळमाया वाचताय असं दिसलं. कसं वाटलं? मीही जी.ए. वाचतो. वाचकांनी एकमेकांशी बोललं पाहिजे असं मला वाटतं.’ यात भीतीदायक काही नाही, पण सरळही काही नाही. ती वाचक म्हणून उत्तर देईल, चार दिवस जी.ए. आणि नियती यांवर बोलेल, आणि मग कधीतरी तिच्या लक्षात येईल की हे सगळं दुसऱ्याच कारणासाठी चाललं होतं. सूचक असणं वेगळं आणि आडून गाठणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी आडवळणाच्या बोलण्यावर बरंच लिहिलं आहे. त्यांचा मुद्दा असा, की माणसं सूचक बोलतात ते अर्थ कळू नये म्हणून नव्हे. अर्थ दोघांनाही कळतो, पण नकार आला तर दोघांनाही काही घडलंच नाही असं वागता येतं. चिठ्ठीत एवढीच धूसरता हवी. अर्थ कळलाच पाहिजे, फक्त माघारीला वाट राहिली पाहिजे.

तिसरा खर्डा:

‘नमस्कार. शब्दकोड्यात उभा सात चुकवणारा तो मीच. परवा तुमच्या हातात ‘काजळमाया’ दिसलं, माझं फार आवडतं आहे. कधी वाटलं, तर कोपऱ्यावर चहा घेताना तुमच्याशी गप्पा मारायला मला आवडेल. नाही वाटलं, तर काही कळवायची गरज नाही. पुरवणी तुम्हाला नेहमीसारखी मिळत राहील.’ खाली पूर्ण नाव आणि इन्स्टाग्रामचा पत्ता.

पाच-सहा ओळी झाल्या, याहून जास्त नकोत. कोण लिहितंय ते पहिल्या ओळीत कळतं. उल्लेख आहे तो दोघांमध्ये उघडपणे घडलेल्या गोष्टीचा आणि टेबलावर सगळ्यांना दिसलेल्या पुस्तकाचा. तिने कोणती पुस्तकं घरी नेली हे त्याने नोंदीत डोकावून पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असतं तरी लिहिण्यासारखं नव्हतं. दिसण्याबद्दल अवाक्षर नाही. ‘तुमच्याशी गप्पा मारायला मला आवडेल’ एवढ्यात रस पुरेसा कळतो. निमंत्रण चहाचं आहे, तेही कोपऱ्यावर, दिवसाउजेडी, वीस मिनिटांत आटोपणारं. शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. उत्तर न देणं हेही चालेल असं पहिलं सांगतं. तिच्या सकाळच्या जागेला धक्का लागणार नाही, असं दुसरं सांगतं. तिला खरी धास्ती याचीच असते. नकाराचं दुःख त्याला होणार, पण वाचनालय सोडावं लागणार ते बहुधा तिला.

इन्स्टाग्रामचा पत्ता का, नंबर का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. नंबरावर उत्तर द्यायचं म्हणजे आपला नंबर देणं आलं, आणि एकदा गेलेला नंबर परत घेता येत नाही. इन्स्टाग्रामवर आधी बघता येतं, की हा कोण आहे, काय लिहितो, ओळखीचं कुणी त्याला ओळखतं का. मग वाटलं तर लिहायचं, नको झालं तर ब्लॉक करायचं. ईमेलही चालतो. तिचा नंबर किंवा नाव कुणाकडून काढून वापरणं म्हणजे मात्र सगळंच मुसळ केरात. वाचनालयाच्या रजिस्टरमधून, कॅफेत पुकारलेल्या ऑर्डरवरून किंवा यूपीआयच्या पावतीवरून मिळालेलं नाव चिठ्ठीत दिसलं, की पुढचा मजकूर कितीही सभ्य असो, तो कुणी वाचत नाही.

चिठ्ठी ठेवायची कुठे? पुस्तकाच्या पानांत, बॅगेच्या कप्प्यात, गाडीच्या हँडलला असे सगळे सिनेमातले पर्याय बाद. बॅगेला हात लावणं हा सरळ आगाऊपणा आहे. गाडीवर चिठ्ठी ठेवली, तर तुम्हाला तिची गाडी माहीत आहे, म्हणजे तुम्ही तिच्यामागे पार्किंगपर्यंत गेला होता, असाच अर्थ निघतो. वाचनालयाचं पुस्तक तर भलत्याच माणसाच्या हाती जाऊ शकतं. कॅफेत वेटरच्या हाती दिली, तर ती टेबलापर्यंत पोहोचेतो सगळ्या स्टाफला खबर, आणि मग ती चिठ्ठी उघडेपर्यंत काउंटरवरून चार डोळे तिच्यावर. तिचं बिल परस्पर भरू नये, हे आलंच. ऐंशी रुपयांच्या कॉफीने माणूस उपकाराखाली येतो आणि नाही म्हणणं आणखी जड होतं.

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे स्वतः निघताना टेबलावर तिच्या समोर ठेवायची, ‘हे तुमच्यासाठी, सवडीने वाचा’ एवढंच म्हणायचं आणि चालू पडायचं. निघताना, हे महत्त्वाचं. सकाळी आल्या आल्या दिली, तर पुढचा तासभर ती तुमच्या समोर कागद हातात धरून बसणार. आपण मागे वळून बघत दारात रेंगाळलो, तरी तेच. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी वाचनालयाला सुटी असेल असा दिवस निवडावा, म्हणजे दोघांनाही एक मोकळा दिवस मिळतो. कागद साधा, एक घडी घातलेला. लिफाफा नको, चॉकलेट नको, गुलाब तर नकोच. आणि ज्यांच्या डोक्यावर परीक्षा आहे त्यांच्यासाठी आणखी एक: स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये जागा ठरलेली असते, महिन्याचे पैसे भरलेले असतात आणि पूर्व परीक्षा तोंडावर असते. तिथे शेजारच्या केबिनवर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी म्हणजे एखाद्याचा आठवडा वाया घालवणं. परीक्षा होऊ द्यावी.

स्त्रीने पुरुषाला लिहायची असेल तरी हेच सगळं लागू आहे. फरक इतकाच, की ती चिठ्ठी मित्रांच्या ग्रुपवर फिरण्याची शक्यता जास्त, म्हणून तिने मजकूर असा ठेवावा जो चार लोकांनी वाचला तरी मान खाली घालावी लागणार नाही. समलिंगी व्यक्तींना वेगळीच जोखीम आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, पण घर आणि ऑफिस अजून तिथवर पोहोचलेलं असतंच असं नाही. नावानिशी लिहिलेला कागद आपलं गुपित दुसऱ्याच्या हाती देतो. अशा वेळी आधी तोंडी ओळख वाढवणं आणि कागद शेवटी वापरणं बरं.

चिठ्ठी दिल्यानंतरचा काळ लिहिण्यापेक्षा अवघड असतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीच्या वेळी नेहमीच्या जागी असता. ती आली, तिने नेहमीसारखी मान हलवली, चिठ्ठीचं नाव काढलं नाही. तर तुम्हीही मान हलवायची आणि पेपर उघडायचा. ‘वाचलीत का?’ असं विचारलंत, की काही न कळवण्याची जी मुभा तुम्ही लिहून दिली होती ती परत घेतली. आठवडाभरात उत्तर नाही, म्हणजे उत्तर नाही असंच आहे. ‘कदाचित मिळालीच नसेल’, ‘लाजत असेल’, ‘विचार करत असेल’ ही आपल्या मनाची वकिली. तिने टेबल बदललं किंवा यायची वेळ बदलली, तर तोही जबाबच समजावा, आणि मग आपणच आपली वेळ बदलावी. हे अवघड आहे हे मान्य, पण ते ठरवून केलं पाहिजे, कारण चिठ्ठी तुम्ही दिली होती.

दुसरी चिठ्ठी मात्र नाही. कायदाही इथे येऊन थांबतो. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत पाठलागाचं कलम ३५४-ड आलं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही तिच्याशी जवळीक साधण्यासाठी पुन्हा पुन्हा मागे जाणं, संपर्क करणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. एका सभ्य चिठ्ठीने हा गुन्हा होत नाही. नकारानंतर तोच प्रकार पुन्हा पुन्हा केला, की होतो. आणि एकदाच दिलेली चिठ्ठीही कशी दिली याला अर्थ असतो. २०११ मध्ये अकोल्यात एका दुकानदाराने विवाहित महिलेला चिठ्ठी द्यायचा प्रयत्न केला. तिने घेतली नाही, तेव्हा ती तिच्या अंगावर फेकली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हा स्त्रीचा विनयभंगच ठरवला, आणि दंडाच्या रकमेतला मोठा भाग त्या महिलेला द्यायला सांगितलं.

ज्यांना चिठ्ठी मिळते त्यांनाही एक विनंती. नावानिशी लिहिलेली, सभ्य, एकदाच आलेली चिठ्ठी असेल तर तिचा फोटो ग्रुपवर टाकू नका. नको असेल तर फाडून टाका, किंवा अंगात बळ असेल तर ‘धन्यवाद, पण नको’ एवढं म्हणा. पण निनावी असेल, दिसण्यावर किंवा शरीरावर घसरलेली असेल, किंवा दुसऱ्यांदा आली असेल, तर फाडू नका. तारीख लिहून जपून ठेवा, फोटो काढून घरच्या एखाद्या माणसाला पाठवा आणि ग्रंथपालांना किंवा कॅफेच्या मॅनेजरला दाखवा. तक्रार द्यायची वेळ आली, तर तोच कागद पुरावा म्हणून कामाला येतो.